तेहतीस डेसिबलचा प्लग आणि कुपवाडमधला फेटलिंग विभाग

सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं हे प्रकरण आहे. पंप आणि व्हॉल्व्हच्या बॉडीची बिडाची कास्टिंग्ज तिथे बनतात. कास्टिंग साच्यातून निघालं की फेटलिंगला येतं. तिथे रनर-रायझर तोडतात, चिकटलेली वाळू आणि जादा धातू हवेच्या चिपिंग हॅमरने काढतात आणि मग हँड ग्राइंडरने कडा साफ करतात. एका शिफ्टला चौदा माणसं, त्यातले पाच चिपर आणि नऊ ग्राइंडर. पत्र्याची शेड, तीन बाजूंना भिंती. बिडावर हॅमर चालू झाला की तो आवाज कानात येण्याआधी छातीत जाणवतो.

मला बोलावणं आलं ते कान तपासणीच्या रिपोर्टवरून. दर वर्षी मिरजेच्या एका डॉक्टरांकडून सगळ्यांची ऑडिओमेट्री होते. त्या वर्षी दोघांच्या आलेखात २०००, ३००० आणि ४००० हर्ट्झची सरासरी आधीच्या वर्षापेक्षा १० डेसिबलहून जास्त उतरली होती. ४००० हर्ट्झला खड्डा आणि ८००० ला थोडी वर आलेली रेघ. आवाजाने बिघडलेल्या कानाचा आलेख असाच दिसतो. मालकांना हे कोड्यात टाकणारं होतं, आणि त्यांचा प्रश्न मनापासूनचा होता. "अहो, आपण कानात घालायचा बाजारातला सगळ्यात वरचा प्लग घेतो. पाकिटावर ३३ लिहिलंय. आत ९८ डेसिबल आहे, त्यातून ३३ गेले की ६५ राहतात. घरात बसल्यासारखं. मग कान खराब कसे होतात?"

त्यांची वजाबाकी बरोबर होती. चूक होती ती ३३ हा आकडा या माणसांच्या कानांचा आहे असं धरण्यात.

आधी आवाज मोजला. प्रत्येकाच्या खांद्यावर डोसीमीटरचा माइक लावून पूर्ण शिफ्ट चालू दिली. ग्राइंडरवाल्यांची आठ तासांची सरासरी ९८ डीबीए आली, चिपरवाल्यांची १०३. आपल्या कारखाना नियमांत आठ तासांसाठी मर्यादा ९० डीबीएची आहे. मी स्वतः कानापाशी ८५ च्या खाली आणायचं धरून चालतो, कारण ९० वर वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांतही बऱ्याच जणांचे कान जातात. म्हणजे ग्राइंडरवाल्यांना खरोखरचे १३ डेसिबल हवे होते आणि चिपरवाल्यांना १८. पाकिटावर ३३ होते. एवढ्या फरकात दोघांचे कान उतरावेत, म्हणजे मधले कितीतरी डेसिबल कुठेतरी गळत होते.

पाकिटावरचा आकडा कसा निघतो ते इथे सांगतो, कारण गळतीचं मूळ तिथेच आहे. एनआरआर हा अमेरिकेतला शिक्का. तिथल्या पर्यावरण खात्याने १९७९ साली तो बंधनकारक केला आणि चाचणी १९७४ च्या एका मानकाप्रमाणे ठरवली. प्रयोगशाळेतल्या शांत खोलीत दहा माणसं बसवतात. प्लग त्यांच्या कानात बसवतो तो प्रयोग करणारा तज्ज्ञ, ती माणसं स्वतः नाहीत. मग उघड्या कानाने सगळ्यात बारीक आवाज कुठला ऐकू येतो आणि प्लग घालून कुठला, यातला फरक मोजतात. प्रत्येकावर हे तीन वेळा करतात. प्लग नवा असतो, माणूस हलत नाही, बोलत नाही, चष्मा नसतो, घाम नसतो आणि हाताला वाळू नसते.

त्या मोजण्यांच्या सरासरीतून दोन प्रमाण विचलनं वजा करतात. ऐकायला हे फार सावध वाटतं, की जवळपास सगळ्यांना निदान एवढं तरी मिळेलच. पण विचलन मोजलंय ते कुणाचं? एकाच तज्ज्ञाने एकाच पद्धतीने बसवलेल्या प्लगचं. तिथे माणसामाणसांतला फरक लहानच येणार. फेटलिंगमध्ये चौदा माणसं चौदा तऱ्हांनी प्लग घालतात, आणि तो फरक या वजाबाकीत कुठेच धरलेला नाही. लेबल खोटं नसतं. त्या प्लगकडून जास्तीत जास्त काय मिळू शकतं हे ते सांगतं, आणि आपण ते वाचतो कमीत कमी एवढं मिळेलच म्हणून.

आणखी एक बारीक गोष्ट आहे. एनआरआर वजा करायचा तो सी-वेटेड मोजणीतून. आपण मोजतो ए-वेटेड, ज्यात खालच्या सुरांचा आवाज मीटर स्वतःच कमी धरतो. म्हणून ए-वेटेड आकड्यातून वजाबाकी करताना एनआरआरमधून आधी ७ काढायचे असा नियम आहे. खालचे सूर किती आहेत हे माहीत नसताना धरलेली ती सुरक्षित बाजू. आम्ही दोन्ही मोजलं. फेटलिंगमध्ये सी आणि ए यांच्यात जेमतेम १ डेसिबलचा फरक होता, कारण ग्राइंडरचा आवाज वरच्या सुरांचा, किरकिरीत. तिथे ७ ची वजाबाकी गरजेपेक्षा जास्त आहे. त्याच आवारातल्या कॉम्प्रेसरच्या खोलीत मात्र फरक ६ चा निघाला. तिथे ती अगदी रास्त आहे.

मालकांनी बाजारातून आणखी एक पाकीट मागवलं होतं. त्यावर ३७ लिहिलेलं, म्हणून ते जास्त चांगलं असणार असं खरेदी विभागाने धरलं. पण तो एसएनआर होता, युरोपचा आकडा. त्यात सरासरीतून एकच प्रमाण विचलन वजा होतं आणि हिशेबही वेगळा आहे. एकाच प्लगवर एसएनआर ३७ आणि एनआरआर २९ असे दोन्ही शिक्के असू शकतात. सांगलीच्या सेफ्टीच्या दुकानांत दोन्ही तऱ्हांची खोकी शेजारी शेजारी असतात, आणि नुसते आकडे ताडून पाहणारा फसतो.

कानात घालायचा प्लग द्यायचा की हेडफोनसारखा कान बाहेरून झाकणारा मफ, हा प्रश्न मग समोर आला. इथे मालकांच्या मुलाने, ते स्वतः इंजिनिअर आहेत, एक चांगला मुद्दा काढला. लेबल जास्त सांगतं हे मान्य, पण ते किती कापायचं याचे नियम आहेतच की, त्या नियमांनीच ठरवूया. आम्ही कागद घेऊन बसलो. एका बाजूला एनआरआर ३३ चा फोमचा प्लग, दुसऱ्या बाजूला एनआरआर २५ चा मफ.

ओशा हे अमेरिकेचं कामगार सुरक्षेचं खातं. त्याची पद्धत सगळ्यांना सारखी कात्री लावते. ७ काढा आणि उरलेल्याचा अर्धा घ्या. प्लगचे २६ चे १३ होतात, मफचे १८ चे ९. या हिशेबाने प्लग चांगला. तिथल्याच निऑश या संशोधन संस्थेने १९९८ साली सुचवलेली पद्धत वेगळी आहे. तिथे मफच्या लेबलातून पाव हिस्सा कापतात, फोमच्या प्लगमधून अर्धा आणि बाकीच्या प्लगमधून ७० टक्के, आणि मग ७ काढतात. त्या हिशेबाने प्लगचे साडेनऊ उरतात आणि मफचे पावणेबारा. आता मफ चांगला.

मुलगा थोडा वेळ कागदाकडेच बघत राहिला. दोन्ही संस्था जाणत्या आणि उत्तरं उलटी. कारण साधं आहे. हे नियम अनेक कारखान्यांतल्या माणसांचा सर्वसाधारण अंदाज सांगतात. निऑशने फोमला जास्त कात्री लावली कारण फोमचा प्लग नीट बसणं हे सगळं हातावर अवलंबून असतं, तर मफ डोक्यावर ठेवताना चुकायला जागा कमी. पण या शेडमधल्या चौदा जणांचं काय होतंय हे दोन्ही नियमांना माहीत असायचं कारण नाही. ते मोजूनच कळणार होतं.

प्लगची मोजणी आम्ही ऑफिसमधल्या शेवटच्या खोलीत केली, पंखा बंद करून, शिफ्ट सुरू व्हायच्या आधी. शिफ्टनंतर करून चालत नाही. आवाजातून आलेला कान काही तास बधिर असतो आणि आकडे बिघडतात. पद्धत तीच, प्रयोगशाळेतली, फक्त लॅपटॉप आणि मोठ्या कपाच्या हेडफोनवर. आधी उघड्या कानाने बारीक सूर ऐकायचे, मग प्लग घालून तेच सूर. फरक म्हणजे त्या माणसाला त्या कानात त्या वेळी मिळालेलं संरक्षण. मी कुणाला काही सांगितलं नाही. रोज घालता तसाच घाला, एवढंच म्हटलं.

चौदांपैकी एकाचा कान वाहत होता, त्यांना वगळलं. वाहत्या कानात प्लग घालायचाच नसतो. उरलेल्या तेरांत पाच जणांना १० डेसिबलपेक्षा कमी मिळत होतं. पाच जण १० ते २० च्या दरम्यान होते. २० च्या वर फक्त तिघे. सगळ्यांच्या हातात पाकीट एकच होतं, ३३ चं.

चिपर तात्यांचं सांगतो. पन्नाशी ओलांडलेले, या विभागात सगळ्यात जुने. आलेख उतरलेल्या दोघांपैकी ते एक. त्यांनी प्लग खिशातून काढला, दोन बोटांत एकदा दाबला आणि कानाच्या तोंडाशी लावून अंगठ्याने आत ढकलला. समोरून पाहिलं तर प्लगचा अर्ध्याहून जास्त भाग कानाबाहेर पिवळा दिसत होता, टोपणासारखा. त्यांच्या उजव्या कानाला ६ डेसिबल मिळाले. पूर्वी ते कापसाचा बोळा घालायचे, आणि हातांना सवय त्याचीच होती. बोळा ढकलायचा असतो. फोमचा प्लग ढकलला की आत दुमडतो, त्याला सुरकुती पडते आणि त्या सुरकुतीतून आवाज आत जातो.

मी त्यांच्यासमोर बसून स्वतःच्या कानात घालून दाखवला. प्लग कोरड्या, स्वच्छ बोटांत हळूहळू वळायचा, उदबत्तीच्या काडीएवढा बारीक होईपर्यंत, एकही सुरकुती न पडता. मग दुसरा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन कान वर आणि मागे ओढायचा. कानाची नळी वाकडी असते, ओढली की सरळ होते. त्या क्षणी प्लग आत सरकवायचा आणि बोट तसंच टेकवून तीसपर्यंत मोजायचं, म्हणजे तो फुगताना बाहेर येत नाही. नीट बसला असेल तर समोरून पाहणाऱ्याला प्लग जवळजवळ दिसत नाही. स्वतःला कळायची खूण म्हणजे आवाजात उभं राहून दोन्ही कान तळव्यांनी झाकायचे आणि सोडायचे. फारसा फरक पडला नाही तर प्लग काम करतोय. हात ठेवल्यावर आवाज स्पष्ट कमी झाला तर नाही.

तिसऱ्या प्रयत्नाला तात्यांनी जमवलं. मोजलं तर २४. ते काही वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सायेब, तीन वर्षं झाली ह्ये घालतोय. असं घालायचं आस्तंय म्हणून कुनी दावलंच न्हाई."

ते वाक्य मला अजून बोचतं. पाकीट दिल्याची सही रजिस्टरमध्ये तीन वर्षांची होती.

शिकवल्यावर तेरांतले दहा २० च्या वर गेले आणि एक १७ वर थांबला. दोघे काही केल्या १२ च्या वर सरकेनात. त्यांच्या कानाची नळी अरुंद होती आणि तो फोम त्यांना जाडच होता. एका प्लगचं एकच माप सगळ्यांना, ही गळतीची आणखी एक जागा. त्यातला एक चिपर होता. त्याला तीन चकत्यांचा, धुऊन वापरायचा लहान मापाचा प्लग दिला, लेबल २५ चं. त्याच्या कानात १८ मिळाले. आकड्याने लहान प्लग त्याच्यासाठी जास्त आवाज अडवत होता.

मग मफ. हेडफोनच्या पद्धतीने मफ मोजता येत नाही, म्हणून एक बारीक माइक कपाच्या आत कानाच्या तोंडाशी आणि दुसरा बाहेर खांद्यावर लावला. प्रत्यक्ष ग्राइंडिंग चालू असताना दोन्हीतला फरक पाहिला. वायर उशीखालून जाते, तिच्यामुळे थोडी गळती होते हे धरूनच चालायचं. एनआरआर २५ चा नवा मफ उघड्या डोक्यावर २१ देत होता. लेबलापासून फार लांब नाही. पण ग्राइंडरवाला उघड्या डोक्याने काम करतच नाही. डोळ्यांवर सेफ्टी गॉगल असतो. कारखान्याच्या गॉगलच्या दांड्या जाड, चपट्या. त्या कपाच्या उशीखाली गेल्या की उशी आणि कातडी यांच्यात फट राहते. त्या गॉगलसह तोच मफ १५ वर आला. एकाने धुळीसाठी डोक्याला रुमाल गुंडाळला होता, कानांवरून घेऊन मागे गाठ. त्यावर मफ. तिथे ९ मिळाले. स्टोअरमध्ये दोन वर्षांपूर्वीचे मफ पडले होते, उशा कडक झालेल्या आणि एकीला चीर गेलेली. ते जाड दांडीच्या गॉगलसह ११ देत होते.

आम्ही गॉगल बदलून पाहिला. बारीक, लवचिक दांडीचा घेतला तर आकडा १९ झाला. एका गॉगलच्या बदलाने चार डेसिबल परत मिळाले, आणि मफ तोच.

एवढ्यावर निर्णय करता आला असता. पण मी दुसऱ्या दिवशी घड्याळ घेऊन शेडमध्ये बसलो, कारण जास्तीत जास्त गळती कानात नाही, वेळेत होते. एका ग्राइंडरवाल्याने शिफ्टमध्ये अकरा वेळा मफ खाली सरकवला. क्रेनवाल्याशी बोलायला, सुपरवायझरचं ऐकायला, घाम पुसायला. प्रत्येक वेळी दोन-तीन मिनिटं, आणि शेजारचे ग्राइंडर चालूच. एकूण अर्धा तास झाला.

अर्धा तास म्हणजे आठ तासांतला सोळावा हिस्सा, फारसा वाटत नाही. पण डेसिबलची मोजणी लॉगची आहे. उघड्या कानाने ऐकलेला अर्धा तास उरलेल्या साडेसात तासांच्या झाकलेल्या आवाजाला कितीतरी पटींनी भारी पडतो. आवाजाच्या ऊर्जेने हिशेब केला तर १९ डेसिबलचा मफ अर्धा तास काढून ठेवल्यावर पूर्ण शिफ्टला ११ डेसिबलचाच उरतो. ९८ मधून ११ गेले की ८७ राहतात, म्हणजे आमच्या ८५ च्या वर. आता कुणी म्हणेल, मग जास्त ताकदीचा मफ घ्या. प्रत्यक्ष ३० डेसिबल अडवणारा मफ घेतला आणि तोही अर्धा तास काढला, तर पूर्ण शिफ्टचे मिळतात १२. अकरा डेसिबल जास्तीचे विकत घेतले आणि हाती आला एकच. उलट तोच १९ चा मफ फक्त दहा मिनिटं काढला तर जवळजवळ १५ मिळतात आणि कानापाशी ८३ राहतात. हा हिशेब मी मालकांच्या टेबलावर मांडला तेव्हा ३३ च्या पाकिटाची चर्चा थांबली.

माणसं मफ काढतात ते आळसाने नाही. काही ऐकूच येत नाही म्हणून काढतात. नीट बसलेला प्लग २८-३० देतो, तेव्हा ९८ च्या आवाजात कानापाशी ६८-७० राहतात. त्यात क्रेनचा भोंगा आणि शेजाऱ्याची हाक हरवते, आणि कान आधीच थोडा उतरलेला असेल तर जास्तच. कानापाशी ७५ ते ८० राहणं चांगलं, ७० च्या खाली नेऊ नये, असं या क्षेत्रातले जाणते सांगतात. ग्राइंडरवाल्यांना म्हणून मुद्दामच सगळ्यात जाड मफ दिला नाही. २५ चाच ठेवला. बारीक दांडीच्या गॉगलसह तो ९८ चे ७९ करतो, तेवढं पुरे.

प्लग ग्राइंडरवाल्यांना का नको, याचं उत्तर त्यांच्या हातांत होतं. दर थोड्या वेळाने काढायचं-घालायचं काम आहे आणि बोटांना काळी वाळू, बिडाची धूळ. त्या बोटांनी फोम वळला की ती धूळ कानात जाते, आणि पावसाळ्यात कानाला बुरशी धरायला तेवढं निमित्त पुरतं. बरं, घाईत वळलेला प्लग पुन्हा टोपणासारखाच बसणार. मफ हातमोज्यानेही वर-खाली होतो आणि सुपरवायझरला लांबून दिसतो. कान वाहणाऱ्या ग्राइंडरवाल्यालाही अर्थातच मफच, आणि डॉक्टरांची चिठ्ठी.

चिपर वेगळे. ते सलग दोन-दोन तास एका जागी बसून काम करतात, बोलणं कमी, आणि आवाज १०३. त्यांना प्लग, शिफ्टच्या सुरुवातीला वॉशबेसिनपाशी साबणाने हात धुऊन घातलेला, आणि हॅमर चालू असताना त्यावर मफ. इथे एक गैरसमज दूर करावा लागला. प्लगचे २० आणि मफचे १९ मिळून ३९ होत नाहीत. दोन्ही एकत्र घातल्यावर जास्त चांगल्यात साधारण पाचची भर धरायची. शिवाय काही आवाज हाडांतून थेट आत पोहोचतो, त्याला कानावर काहीही घाला, अडत नाही. तरी वीसच्या प्लगवर पाच म्हणजे १०३ चे ७८ होतात, आणि १८ वाल्या चिपरला मफच्या १९ वर पाच धरून ७९. मला यातला खरा फायदा दुसराच वाटतो. चिपरने मफ बोलण्यापुरता खाली केला तरी प्लग आत असतोच. अर्ध्या तासाची ती महागडी गळती इथे बंद होते.

वेळेसाठी दोन गोष्टी केल्या. क्रेनच्या भोंग्याबरोबर छताखाली फिरता लाल दिवा बसवला आणि क्रेनवाल्याशी हाताच्या खुणा ठरवल्या. बोलायचं असेल तर शेडच्या भिंतीपलीकडे जायचं आणि तिथे गेल्यावर मफ काढायचा. तिथे ८० च्या आसपास आवाज आहे. महिन्याने पुन्हा घड्याळ घेऊन बसलो तेव्हा त्याच ग्राइंडरवाल्याची उघड्या कानाची वेळ बारा मिनिटांवर आली होती. डोक्याच्या रुमालाचं जास्त अवघड गेलं. धूळ खरी होती, रुमाल नको म्हणणं न्यायाचं नव्हतं. शेवटी कानांच्या वर संपणाऱ्या पातळ टोप्या शिवून घेतल्या. तयार कास्टिंग ज्या लोखंडी पेट्यांत टाकतात त्यांना आतून जुन्या कन्व्हेयर बेल्टचं रबर लावलं. मधूनमधून येणारे ते धडाके बरेच मऊ झाले. हे काम खरं तर सगळ्यात आधी व्हायला हवं होतं.

स्टोअरच्या रजिस्टरमध्येही बदल केला. पूर्वी रकाने दोनच होते, दिलेले नग आणि सही. आता प्रत्येकाच्या नावापुढे कुठला प्लग किंवा मफ, कुठलं माप आणि त्याच्या स्वतःच्या कानात मोजलेला आकडा असतो. नवा माणूस, ठेकेदाराचा असला तरी, मोजल्याशिवाय हॅमर हातात घेत नाही. आलेख उतरलेल्या दोघांचं गेलेलं ऐकणं परत येणार नव्हतं, हे त्यांना आणि मालकांना स्पष्ट सांगितलं. आवाजाने आलेला बहिरेपणा कायद्याने कळवायच्या आजारांत आहे, म्हणून पुढचं डॉक्टरांनी ठरवून रीतसर कळवायचं ठरलं.

एप्रिलच्या शेवटी तिसऱ्यांदा मोजलं. पत्र्याखाली चाळिशीचं ऊन होतं. प्लगवाल्या चिपरांचे आकडे टिकून होते, तात्यांचे २३. मफ मात्र चार महिन्यांतच घसरले होते. बारीक दांडीचा गॉगल असूनही १९ चे १४ झाले होते. घामाने आणि उष्णतेने उशा ताठ झाल्या होत्या, बोटाने दाबल्या तर खड्डा भरून यायला वेळ लागत होता. दोन मफांचा पट्टाही सैलावला होता. पट्टे मानेवर लटकवायच्या सवयीने ताणले जात होते. नव्या उशा बसवल्या की १८ परत आले. सैल पट्ट्यांचे दोन मफ टाकून दिले. त्या दिवसापासून तिथे उशांचे जादा जोड मफांबरोबरच येतात, दर तीन महिन्यांनी बदलतात, आणि उन्हाळ्यात मार्च ते मे दर दोन महिन्यांनी.